श्रावणात पातळ झालेलं रक्त

बैलबंडी हाकणारा तो बंडीवाला आला की माझ्या लॅबमध्ये घड्याळ नसतानाही टिकटिक ऐकू यायची. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्या तापानं त्याच्या काळजाची झडप खराब केली. चाळिशीच्या आत दम लागायला लागला, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्याला नागपूरला आणि तिथल्यांनी मुंबईला पाठवलं. तिथून तो छातीत धातूची झडप बसवून परत आला. शांत जागी बसला की ती झडप वाजायची. गावातली पोरं त्याच्या छातीला कान लावायला रांग लावत, आणि हा गडी मोठ्या खुशीत सदऱ्याची बटणं काढून बसे.

मी मूळची आरमोरीची. आमच्या मोहल्ल्यात छप्पन सालानंतर दारूला थारा नव्हता; पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला माझ्या बापाचा आवाज जरा जास्तच चढायचा. त्यामुळे आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या त्या छोट्या दवाखान्यात लॅब सांभाळायला गेले, तेव्हा दारू या विषयाबद्दल माझी मतं पक्की आणि जीभ तिखट होती. वर्षभरात जीभ तशीच राहिली, मतं जरा सैल झाली. तिथं मोहाची दारू म्हणजे गुन्हा नव्हता आणि चैनही नव्हती. दिवसभर राबलेल्या माणसांनी संध्याकाळी एकत्र बसायचं, तेव्हा मधे ती असायची, एवढंच.

ते दिवस आठवले की मला आधी त्या लॅबचा वास येतो. स्पिरिटचा, ओल्या लाकडाचा, आणि मागच्या झाडावरून गळलेल्या मोहफुलांचा. एक खोली, एक टेबल, उन्हाकडे तोंड करून ठेवलेला मायक्रोस्कोप, हातानं फिरवायचं सेंट्रिफ्यूज. वीज असली तर असली. मलेरियाच्या काचपट्ट्या तपासून डोळे दुखत आणि हाताला जांभळ्या रंगाचे डाग पडत. पण सांगते, पुढं मोठ्या शहरात बटणं दाबून काम करणाऱ्या यंत्रांपाशीही बसले, त्या खोलीसारखं सुख कुठं लागलं नाही.

बंडीवाल्याचं रक्त महिन्यातून एकदा माझ्याकडे यायचं. धातूची झडप परकी असते, तिच्यावर रक्ताची गाठ धरायला बघते. ती गाठ सुटून मेंदूत गेली की अर्धं अंग गेलंच म्हणून समजा. म्हणून अशा माणसाला रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. वॉरफरिन तिचं नाव. पण रक्त जास्त पातळ झालं तर तेही वाईट, मग कुठूनही वाहू लागतं आणि थांबत नाही. धानाच्या शेताचा बांध, आमच्याकडचा धुरा, असतो ना, अरुंद, दोन्हीकडे पाणी, तसल्या धुऱ्यावरून त्याला रोज चालायचं होतं. कोणत्या बाजूला तोल जातोय हे सांगणारी मी.

ती तपासणी करायला मला फार आवडायचं. त्याचं रक्त नळीत घेऊन गोठू न देणाऱ्या औषधात मिसळायचं, फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढायचं, आणि अंगाच्या तापमानाइतक्या कोमट पाण्यात नळी धरून त्यात गोठवणारं द्रव्य टाकायचं. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातानं नळी तिरकी करायची, सरळ करायची, पुन्हा तिरकी. पाणी हलतंय, हलतंय, आणि एकदम त्यात जाळं धरतं. तो क्षण पकडायचा. शेजारच्या नळीत तुलनेसाठी धडधाकट माणसाचं रक्त लागे. ते मी माझंच काढून घ्यायची, कारण दुसरं कोण दर वेळी हात पुढं करणार? पूर्वी आम्ही नुसते सेकंद लिहून द्यायचो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाला द्रव्याच्या बाटलीवर एक आकडा छापून यायला लागला आणि त्यावरून गणित करून जे उत्तर येई त्याला आयएनआर म्हणत. कोणत्याही लॅबमध्ये केलं तरी जुळावं, असा तो हिशोब. डॉक्टरांना बंडीवाल्याचा आयएनआर अडीच ते साडेतीनच्या मधे हवा असायचा.

तो तिथं बसायला तयार नव्हता. एखाद्या महिन्यात पावणेदोन, पुढच्या महिन्यात चार. गोळी वाढवावी तर उडी मारून वर जाई, कमी करावी तर खाली बसे. डॉक्टर शांत स्वभावाचे, पण या आकड्यांपुढं त्यांचंही डोकं फिरे.

"दुसऱ्या कोणाच्या गोळ्या खातोस का? अंगदुखीच्या?"

"नाई डाक्टर."

"पालेभाजी एकदम जास्त खाल्ली?"

"जेवढी नेहमी खातो तेवढीच खाल्ली."

"गोळी चुकवतोस?"

यावर त्याची बायको मधे पडे. ही बाई उंचीनं त्याच्या खांद्याला लागायची, आवाजानं त्याच्या डोक्यावरून जायची. "मी सोता देतो डाक्टर. तोंडात टाकतो अन् जीभ बाहीर काढाले लावतो. चुकन कशी?" तिचं खरं होतं. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते तेव्हा हा सोहळा माझ्या डोळ्यांनी पाहिला. एवढा मोठा माणूस, सागाचे लठ्ठे जंगलतोडीच्या कूपातून डेपोत आणणारा, बायकोसमोर जीभ काढून उभा.

मग एकदा डॉक्टरांनी सरळ विचारलं, "घेतोस किती?"

बंडीवाला माझ्याकडे बघून हसला. माझी जीभ त्याला माहीत होती. "घेतो थोडीशी. सांजेले. बंडीवाले सारे बसतो ना आमी."

"रोज?"

"रोजच्या रोज काम रायते, रोजच्या रोज बसतो."

डॉक्टरांनी त्या दिवशी आम्हा दोघांना जे समजावलं ते मी पुढं कितीतरी जणांना त्यांच्याच शब्दांत सांगत आले. ते म्हणाले, लिव्हर म्हणजे आपला जंगल नाका समज. येणाऱ्या प्रत्येक गाडीची तपासणी करून तिला पुढं काढून द्यायचं, हे नाक्याचं काम. दारूही तिथूनच जाते, ही गोळीही तिथूनच. रोज दारूच्या गाड्या यायला लागल्या की नाका काय करतो? माणसं वाढवतो. माणसं वाढली की ती गोळीलाही भराभर बाहेर काढतात, ती रक्तात टिकत नाही आणि आकडा खाली येतो. पण एखाद्या दिवशी लग्नात, सणात एकदम शंभर गाड्या आल्या तर? नाका तुंबतो. सगळी माणसं दारूपाशी अडकतात, गोळी तिथंच रांगेत उभी राहते, रक्तात साचते आणि आकडा वर. वरून दारूनं पोटाचं अस्तर सोलवटतं, जेवण होत नाही, रक्त धरून ठेवणाऱ्या पेशीही ढिल्या पडतात, आणि माणूस धडपडतो तो वेगळाच. "म्हणून तुझा आकडा मला वाचता येत नाही. एकच माणूस, एकच गोळी, आणि दारू एकदा त्याला खाली ओढते, एकदा वर. कोणत्या दिवशी कुठं रक्त फुटेल हे ना मला सांगता येणार, ना या बाईंना. तू सोडूनच दे."

बंडीवाल्यानं मान डोलावली. नाका त्याला चांगला कळला होता, त्याची निम्मी जिंदगी नाक्यावर चिठ्ठी दाखवण्यात गेली होती. पण मान डोलावणं आणि संध्याकाळी घरी बसणं यात बरंच अंतर असतं.

आषाढात तो पुन्हा आला. धानाच्या रोवणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात पाय, आणि अंधार पडायच्या आधी सगळे एका पडवीत. आकडा निघाला एक पूर्णांक सहा दशांश. डॉक्टरांचा चेहरा उतरला. इतक्या कमी आकड्यावर झडपेत कधी गाठ धरेल सांगता येत नाही, आणि वर आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. दोन दिवसांत नाले भरणार, मग नाल्यापलीकडचं त्याचं गाव तुटणार, ते थेट भादव्यात पुन्हा जोडलं जाणार. तेव्हा त्यांनी गोळी वाढवली आणि पोळ्यापर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या बायकोच्या ओटीत घातल्या.

निघताना बंडीवाला म्हणाला, "डाक्टर, आता घाबरू नका. श्रावन लागून राह्यला. श्रावनात थेंब नाई घेत मी. बापानं पाळला, मी बी पाळतो."

"शाबास," डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मीसुद्धा खूश झाले. माझ्या बापाला हे सांगितलं असतं तर तोही खूश झाला असता, धर्म वेगळा असला तरी.

आमच्या भागात श्रावण पाळणं ही मोठी गोष्ट. वर्षभर पिणारा माणूस महिनाभर हात लावणार नाही, मासमच्छी बंद, सोमवारी एकच वेळ जेवणार. आणि श्रावण संपतो तो पोळ्याला. त्या दिवशी बैलांची पूजा. पूजा झाली की रात्रीपासूनच महिनाभर बांधून ठेवलेलं सगळं सुटतं, आणि दुसऱ्या दिवशी पाडवा. गावात उभ्या माणसांपेक्षा आडवी माणसं जास्त, असा तो दिवस. हे सगळं आम्हाला माहीत होतं. लहान लेकरालाही माहीत असतं. पण गोळी आणि श्रावण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या.

पाडव्याला दुपारी मी लॅबच्या पायरीवर बसून शेंगा खात होते. पाऊस उघडला होता, लख्ख ऊन पडलं होतं. रस्त्यावरून घुंगरांचा आवाज आला. बंडीवाल्याचीच जोडी, शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, आदल्या दिवशीचा शृंगार उतरवायला कोणाला सवड मिळाली नव्हती. मी मनात म्हटलं, बैल दाखवायला आणलेले दिसतात. मग बंडीत पाहिलं, तर तो तणसावर आडवा होता आणि बायको त्याच्या तोंडावर पदर धरून बसली होती. पदर लाल झाला होता.

हिरड्यांतून रक्त झिरपत होतं. सकाळी काळं शौच झालं होतं, डांबरासारखं. आदल्या दिवशी पूजेच्या गर्दीत बैलाचं शिंग मांडीला नुसतं लागलं होतं, लेकरानं ढकलावं एवढंच. ती मांडी आता दुप्पट झाली होती, कातडी ताणलेली, निळी-काळी. त्याच मांडीनं तो रात्री दोस्तांत बसला आणि महिन्याभराची कसर काढली. जेवला नाही, ओकला, झोपला, आणि उठला तो असा.

मी रक्त काढलं. सुई टोचली ती जागा बायकोला दाबून धरायला सांगितलं, "सोडू नका, मी सांगेपर्यंत दाबून धरा." लॅबमध्ये आले, नळी कोमट पाण्यात धरली, द्रव्य टाकलं, वॉच दाबलं. तिरकी, सरळ. माझं रक्त केव्हाच गोठलं. त्याचं हलतच राहिलं. मला वाटलं द्रव्य टाकायचं विसरले. पुन्हा नवी नळी घेतली. तिरकी, सरळ, तिरकी, सरळ. पाणी जसंच्या तसं, नितळ. तोवर माझ्यासाठी तो एक खेळ होता, कौशल्याचा. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की या नळीत एक माणूस आहे आणि तो घसरतोय.

"डॉक्टर, गोठतच नाही," मी सांगितलं.

त्यांनी गोळी बंद केली. उतारा म्हणून व्हिटॅमिन के दिलं, पण अगदी मोजकं. मी म्हटलं, जास्त द्या ना. ते म्हणाले, "जास्त दिलं तर रक्त एकदम घट्ट होईल आणि मग काही केल्या गोळी लागू पडणार नाही. त्याला झडप आहे, विसरू नका. इकडून वाचवून तिकडून मारायचा नाही." आणि म्हणाले, ताजं रक्त लागेल, आत्ताच.

बंडीमागून त्याचे सगळे दोस्त चालत आले होते. रक्त पाहिजे म्हटल्यावर सगळ्यांनी बाह्या वर केल्या. काय सांगू त्या माणसांबद्दल! एकाला धड उभं राहता येत नव्हतं, तो भिंतीला टेकून म्हणत होता, "बाई, माहं सारंच घ्या." मी कडाडले. "तुमच्या अंगात रक्त आहे कुठी? मोहाची भरून राह्यली. सरका मागं." त्यांना राग आला नाही, ते पायरीवर ओळीनं बसून रडायला लागले. शेवटी बायकोचं रक्त जुळलं, आणि आमच्या एका नर्सचं. बायकोनं हात पुढं केला तेव्हा विचारलं, "थ्याच्यात माहं रक्त गेलं तं थो आयकन का माहं?" डॉक्टर म्हणाले, ऐकेल. त्या गडबडीतही आम्ही हसलो.

दोन दिवस तो तळ्यात-मळ्यात होता. तिसऱ्या दिवशी हिरड्या थांबल्या. माझ्या नळीत पुन्हा जाळं धरू लागलं, उशिरा का होईना. मी ते जाळं बघून एकटीच हसले, वेड्यासारखी.

पण खरी पंचाईत पुढं झाली. गावानं निकाल देऊन टाकला होता. दोस्त पायरीवर बसून सांगत होते, "वर्सभर घेतली तं काई नाई झालं. श्रावन पाळला, दारू सोडली, अन् रक्त फुटलं. थ्याले दारूच धरून ठेवत होती." बंडीवालाही खाटेवरून तेच म्हणाला. "डाक्टर, सोडली म्हनूनच झालं ना?"

मला वाटलं डॉक्टर आता चिडतील. ते खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "अर्धं खरं आहे तुझं." मी चकित होऊन पाहत राहिले. त्यांनी पुन्हा नाका काढला. आषाढात तू रोज घेत होतास, नाक्यावर माणसं जास्त, म्हणून आकडा खाली होता. तो बघून मी गोळी वाढवली. म्हणजे ती गोळी मी पिणाऱ्या माणसाला दिली होती. मग श्रावण लागला, दारूच्या गाड्या बंद. नाक्यावरची जास्तीची माणसं हळूहळू परत गेली. गोळी मात्र वाढवलेलीच. उपासानं जेवण कमी, भाजी कमी. तुझं रक्त दर आठवड्याला आणखी पातळ होत गेलं आणि नाल्यापलीकडे ते मोजायला कोणी नव्हतं. पोळ्याला शिंग लागलं तेव्हाच ते धोक्यात होतं. त्यावर तू रात्री नाका तुंबवलास.

"म्हनजे सोडाची नाई?"

"सोडायची. कायमची. पण एकट्यानं, मला न सांगता नाही. तू सोडशील तसा मी गोळी उतरवत नेईन, आणि दर आठवड्याला या बाई रक्त बघतील. श्रावणात सोडायची, पाडव्याला धरायची, हे तुझ्या झडपेला चालणार नाही. ती देवाला ओळखत नाही."

मग ते बाहेर व्हरांड्यात आले आणि माझ्यापाशी हळूच म्हणाले, "शाबास म्हणालो होतो मी त्याला. त्याच दिवशी गोळीचा विचार करायला हवा होता." मला त्यांच्याबद्दल फार वाटलं. इतकी वर्षं डॉक्टरांबरोबर काम केलं, असं बोलणारे थोडे भेटले.

बंडीवाल्यानं सोडली. यात गंमत नाही, खरोखर सोडली. पहिले काही आठवडे त्याचे हात कापत, डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या मागच्या खोलीतच ठेवून घेतलं होतं. मग घरी गेला आणि दर बाजारच्या दिवशी यायला लागला. मी आकडा काढायची, डॉक्टर गोळी कमी-जास्त करायचे. आधी बरीच वर-खाली झाली, मग हळूहळू फरक कमी झाला, आणि एक दिवस तीन आला. पुढच्या वेळीही तीनच्या जवळ. मी कागद नाचवत डॉक्टरांकडे गेले. इतके दिवस जो माणूस मला वाचताच येत नव्हता, तो आता वाचता येत होता. दोन अक्षरी पाटीसारखा सोपा.

आनंद झाला, पण त्याबरोबर एक गोष्ट हळूहळू माझ्या लक्षात आली. तो आता बाजारचा दिवस नसतानाही येऊ लागला होता. संध्याकाळी. लॅबच्या व्हरांड्यात येऊन बसायचा. मी विचारलं, "काऊन आले भाऊ? आज नाई तुमचा नंबर."

"असाच आलो."

"घरी काम नाई?"

"सांज झाली ना बाई." नाल्याकडं हात करून म्हणाला, "थे तिकडं बसून राह्यले. मी गेलो तं गिलास पुढं करते. नाई म्हनलो तं थ्यायले वाईट वाटते, हव म्हनलो तं तुमाले. मंग कुठी बसू?"

मी चहा ठेवला. तेव्हापासून ती रीतच पडली. माझं क्वार्टर लॅबला लागून, तेव्हा संध्याकाळी चूल व्हरांड्यातच असे. तो बसायचा, कधी बायको सोबत असे, कधी एकटा. कोणत्या कूपातले बैल कसे होते, कोणत्या नाल्यात बंडी कशी फसली, वाघ रस्ता ओलांडून गेला तेव्हा बैलांनी काय केलं, अशा गोष्टी. बोलताना छातीत टिकटिक चालू. लोक काहीबाही बोलले, आपल्याकडे तोंडाला कुलूप कोण लावणार? बायकोनंच एकीला सुनावलं, "थो तिथी जिता राहाले जाते, तुह्या नवऱ्यावानी मराले नाई जात." मग कोणी बोललं नाही.

आज इतक्या वर्षांनी मागं वळून पाहते तर त्या संध्याकाळी मला माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात गोड वाटतात. सागाच्या झाडांमागं सूर्य जायचा, कुठून तरी ढोलाचा आवाज यायचा, चहाला मोहाच्या सरपणाचा धूर लागलेला असायचा. नाल्यापलीकडच्या त्याच्या गावातल्या पडवीतून दोस्तांचं हसणं ऐकू येई. ते ऐकू आलं की तो बोलता बोलता थांबे. हातातला कप तसाच धरून त्या बाजूला बघे. मी ते पाहिलं की न पाहिल्यासारखं करी आणि काहीतरी विचारून त्याला परत आणी. त्याचा आकडा तीन होता आणि त्याची बैठक सुटली होती, दोन्ही खरं.

एकदाच आकडा हलला. तो पायरी चढतानाच म्हणाला, "बाई, सुई टोचायच्या आंधीच सांगतो. परवा घेतली. आमच्यातला एक गेला. थ्याच्या मातीले बसलो होतो, नाई म्हनवलं नाई." मी रागावले नाही. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस. गोळीला हात लावत नाही मी, आठ दिवसांनी पुन्हा बघू." आठ दिवसांनी आकडा जागेवर आला. सांगितलं नसतं तर चढलेला आकडा बघून गोळी कमी झाली असती, आणि पुढच्या महिन्यात रक्त घट्ट. इतक्या बारीक दोऱ्यावर तो माणूस लटकत होता, आणि तो दोरा त्याच्या खरं बोलण्याचा होता.

मग माझ्या बदलीचा कागद आला. आई थकली होती, आरमोरीजवळ कुठंतरी मिळावं म्हणून मीच मागे लागले होते. शेवटच्या संध्याकाळी तो आला, बायकोनं माझ्यासाठी टोपलीभर चारोळ्या दिल्या होत्या. आम्ही नेहमीसारखे बसलो. त्यानं नव्या माणसाबद्दल विचारलं. मी सांगितलं, हुशार आहे, हात साफ आहे, तुमचा आकडा बरोबर काढेल.

"आकडा तं काढन थो," बंडीवाला म्हणाला. पडवीकडून हसण्याचा आवाज आला. त्यानं या वेळी तिकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "मी सांजेले कुठी बसू, थे सांगा ना."

मी त्याच्या हातातला कप घेतला आणि विसळायला उठले, कारण डोळे भरून आले होते. सकाळी किल्ली नव्या माणसाकडे दिली. माणूस खरंच चांगला होता. मागाहून कळलं, पाच वाजले की लॅबला कुलूप लावून गावातल्या आपल्या घरी जायचा.